मार्जिन आणि फेऱ्यांची यादी तयार आहे, आता खालच्यातलं नेमकं काय काढायचं?

काउंटरमागे
नमस्कार मंडळी. जनरल स्टोअर आहे, साधारण साडेअकराशे आयटम. सहा महिन्यांची विक्री बिलिंगमधून काढून एक्सेलमध्ये घेतली, प्रत्येक आयटमसमोर मार्जिन किती टक्के आणि माल वर्षाला किती वेळा फिरतो ते मांडलं, दोन्हीचा गुणाकार केला आणि वरपासून खालपर्यंत क्रम लावला. इथपर्यंत ठीक. आता तळाशी १४० आयटम आलेत आणि त्यांच्याकडे बघत बसलोय. तपकिरी बूट पॉलिश आहे, सुया आणि दोऱ्याची रिळं आहेत, टूथब्रशचे सहा प्रकार आहेत, तान्ह्या बाळांचा एक साबण आहे, आणि परफ्यूम नि फॅन्सी क्लिपांचा अख्खा एक कप्पा आहे. सगळे एकाच रांगेत बसलेत, पण सगळ्यांना एकच न्याय लावावा असं मन म्हणत नाही. आणि एकेक आयटम घेऊन विचार करायला बसलं की प्रत्येकाला ठेवायला काही ना काही कारण सापडतंच, म्हणजे शेवटी काहीच निघत नाही. तुम्ही लोक काढायचं कसं ठरवता? शिवाय सतरा ओळींत #DIV/0! आलंय, ते सध्या बाजूला ठेवलेत.

तागडी
एवढा विचार कशाला, खालचे दहा टक्के सरळ काढून टाका. मी दर सहा महिन्यांनी हेच करतो. मार्जिन नाही आणि हलत पण नाही तर त्या मालाने दुकानात राहून करायचं काय? जागा मोकळी होते, पैसा मोकळा होतो, त्या पैशात चालणारा माल भरायचा. "कधीतरी कोणीतरी मागतं" या नावाखाली दुकानाचं गोदाम होतं.

निळीशाई
बिलिंगला कुठलं सॉफ्टवेअर आहे तुमचं? आमच्याकडे रिपोर्ट आपोआप निघतो, एक्सेलमध्ये काढायची गरजच पडत नाही. मार्जिननुसार आणि विक्रीनुसार दोन्ही.

काउंटरमागे
@निळीशाई रिपोर्ट माझ्याकडे पण निघतो हो, प्रश्न रिपोर्टनंतरचा आहे. काय काढायचं ते.

जमाखर्च
बरीच वर्षं दुकानांच्या साखळीत खरेदी आणि स्टॉक बघायचं काम केलंय, त्यावरून लिहिते. काढायचं काय याआधी यादी बरोबर लागलीय का तेवढं बघून घेऊ, कारण मला त्या सतरा #DIV/0! वाल्या ओळींचीच काळजी जास्त वाटतेय.

फेरे काढताना तुम्ही स्टॉक कुठला धरलात? माझा अंदाज, आज शेल्फवर जेवढा आहे तेवढा. म्हणजे ज्या मालाचा आज स्टॉक शून्य आहे तिथे भागाकार शून्याने होतो आणि एक्सेल तसं लिहून दाखवतं. आता स्टॉक शून्य कशाचा असतो? एक तर तुम्ही आधीच बंद केलेल्या मालाचा, नाहीतर जो येतो आणि लगेच संपतो त्याचा. दुसरा प्रकार तुमचा सगळ्यात चांगला माल आहे आणि तो यादीतच नाहीये. आणि ज्याचा स्टॉक काल-परवाच आलाय, भरलेलं खोकं तसंच पडलंय, त्याचे फेरे उगाच कमी दिसणार आणि तो तळाला जाणार. सहा महिन्यांचे महिनाअखेरचे आकडे आणि सुरुवातीचा एक, असे सात आकडे घेऊन सरासरी काढा, सगळं खरेदीच्या भावाने. तेवढ्यानेच यादी बरीच हलेल.

दुसरं, मार्जिन खरेदीवर धरलंय की विक्रीवर? काही सप्लायर "पंचवीस टक्के" म्हणतात ते खरेदीवरचे असतात, विक्रीवर मोजले तर तेच वीस होतात. दोन्ही एका रकान्यात मिसळले असतील तर क्रमच चुकतो. तुमच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे मार्जिन खरेदीवर धरा आणि फेरे पण खरेदीच्या भावाने, मग तुम्ही जो गुणाकार करताय तो एक सरळ गोष्ट सांगतो, त्या मालात वर्षभर सरासरी शंभर अडकले तर वर्षाला सुटले किती. अख्ख्या दुकानाचा हाच आकडा काढून ठेवा, पुढे लागेल.

काउंटरमागे
@जमाखर्च ताई, अंदाज बरोबर, आजचाच स्टॉक धरला होता. महिनाअखेरचे आकडे सॉफ्टवेअरमधून निघाले, बसवले, मार्जिन पण सगळीकडे खरेदीवर केलं. अख्ख्या दुकानाचं आलं १.६, म्हणजे शंभर अडकले तर वर्षाला १६०. तळातून ४८ आयटम वर सरकले, १५ नवे खाली आले. आणि #DIV/0! वाल्या सतरामधले सहा खरंच बंद केलेले निघाले, अकरा चालू माल आहे. त्यात बारीक पेन्सिल सेल आहेत जे सहा महिन्यांत फक्त ४० पाकिटं विकले गेले म्हणून मला संथ वाटायचे.

जमाखर्च
ते सेल किती दिवस शेल्फवर होते ते बघा. विक्रीची शेवटची तारीख आणि पुढच्या खरेदीची तारीख यांच्यामधले दिवस मोजले की कळतं.

काउंटरमागे
मोजले. १८० दिवसांपैकी जेमतेम ६० दिवस माल होता, बाकी वेळ "उद्या या" म्हणत होतो. सप्लायर रोख मागतो म्हणून मागवणं लांबतं.

जमाखर्च
म्हणजे ६० दिवसांत ४०. पूर्ण वेळ माल असता तर त्याच वेगाने १२० पाकिटं. हा आयटम काढायचा नाही, उलट याच्यासाठी पैसे कुठून मोकळे करायचे यासाठीच बाकीची यादी बघायची. आणि गंमत बघा, जो माल बहुतेक वेळ संपलेला असतो त्याचे फेरे कागदावर फार छान दिसतात कारण सरासरी स्टॉकच नगण्य असतो, आणि एकूण विक्री बघायला गेलं तर तो फालतू दिसतो. दोन्ही आकडे फसवतात, दोन उलट्या दिशांनी. म्हणून "माल किती दिवस होता" हा एक रकाना यादीत हवाच.

निळीशाई
अजून एक बघा, आमच्याकडे हा घोळ फार होतो. पाकिटाचं रूप बदललं की कंपनी बारकोड बदलते, दुकानात नवा कोड पडतो, आणि एकच साबण दोन आयटम म्हणून दिसतो. जुन्याची विक्री शून्याकडे जाते आणि तो तळाला दिसतो, नव्याची अर्धीच दिसते. रिपोर्टला ते कळत नाही, आपल्यालाच जोडून घ्यावं लागतं.

काउंटरमागे
@निळीशाई हे भारी सांगितलंत. नऊ जोड्या सापडल्या आत्ताच. आता तळाला ९८ उरले.

तागडी
झालं ना मग, आता तरी काढा 🙂 ९८ पर्यंत आणलेत तर अजून किती गाळणार.

जमाखर्च
तागडींचं म्हणणं चूक नाही, तळाला राहिलेल्या मालाने स्वतःची जागा सिद्ध करायची असते, दुकानदाराने त्याची बाजू लढवायची नसते. पण कमी फेरे दोन कारणांनी होतात आणि यादीत ती दोन्ही सारखीच दिसतात. एक, माल खपत नाही. दोन, खपतो तेवढा खपतो पण तुम्ही एकदम फार भरलाय. फेऱ्यांच्या भागाकारात वरचा आकडा गिऱ्हाईक ठरवतं, खालचा तुम्ही ठरवता. खालच्या आकड्यामुळे जो तळाला गेला त्याला काढण्यात काय अर्थ आहे, ऑर्डर कमी करायची.

तपकिरी पॉलिशचे आकडे टाका बरं इथे. महिन्याला किती जातात, एकावेळी किती मागवता, मार्जिन किती.

काउंटरमागे
महिन्याला एक, कधी दोन, वर्षाला बारा धरा. मागवताना डझनाचं खोकं येतं, मागच्या वेळी दोन खोक्यांवर स्कीम होती म्हणून दोन घेतली. ७० ला पडतं नि १०० ला जातं असं समजा. गेल्या सहा महिन्यांत सरासरी बारा डब्या शेल्फवर.

जमाखर्च
चला मग. वर्षाचा नफा बारा गुणिले तीस, ३६०. अडकलेले पैसे बारा गुणिले सत्तर, ८४०. भागाकार ०.४३, आणि दुकानाची सरासरी १.६. यादीने त्याला तळाला टाकलं ते बरोबरच आहे.

आता समजा सप्लायरकडून खोकं न घेता एखाद्या होलसेलवाल्याकडून तीन-तीन सुट्या घेतल्या. सुट्या महाग पडणार, ७० ऐवजी ७६ धरा. नफा एका डबीमागे २४, वर्षाला २८८. पण शेल्फवर सरासरी दोनच डब्या, म्हणजे अडकले १५२. भागाकार १.९ च्या आसपास, दुकानाच्या सरासरीच्या वर. मार्जिन घटलं, नफा पण ७२ ने घटला, तरी माल तळातून उठून वर गेला कारण जवळजवळ सातशे मोकळे झाले.

म्हणून ९८ च्या प्रत्येक ओळीसमोर आणखी एक रकाना करा, एकावेळी मागवलेला माल किती महिने पुरतो. कमीत कमी जेवढं मागवता येतं तेवढं मागवूनही सहा महिने पुरत असेल तर तो खरा काढायचा उमेदवार. दोन-तीन महिन्यांत संपत असेल आणि तुम्हीच स्कीमच्या मोहात दुप्पट भरला असेल तर आधी ऑर्डर बदलून बघा.

सदाफुली
स्कीमचं अगदी खरं आहे. माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे, माझ्याकडे प्रश्न वेगळाच होतो, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत वर्षाची बहुतेक विक्री होते. मी एकदा सहा महिन्यांचीच यादी काढली तर कव्हरचे रोल, कंपासपेट्या, नावाची लेबलं सगळी तळाला, कारण तो सगळा काळ ऑफ सीझनचा होता. तुमच्या सहा महिन्यांत कुठला सीझन राहून गेलाय का? रेनकोट, छत्री, गरम कपडे असं काही ठेवता का?

काउंटरमागे
@सदाफुली छत्र्या आहेत आणि तळालाच आहेत. काढल्या यादीतून. वर्षभराची विक्री मिळतेय का बघतो. आता ९५.

जमाखर्च
सीझनच्या मालाचा हिशेब सीझनपुरताच करायचा, आणि सीझन संपल्यावर किती उरला यावर. वर्षाच्या फेऱ्यांवर नाही.

बाराखडी
मला वाटतं सगळे एक गोष्ट विसरताय. आयटम एकटा विकला जात नाही, बिलात विकला जातो. सुईदोऱ्याचं मार्जिन बघून काय उपयोग, सुई घ्यायला आलेली बाई आणखी दहा वस्तू घेऊन जाते. मी आमच्या दुकानात बिलं काढून बघितली, तळातला जवळजवळ प्रत्येक आयटम ज्या बिलांत होता ती बिलं सरासरी बिलाच्या दुप्पट-तिप्पट निघाली. तेव्हापासून मी काहीच काढत नाही. तुम्ही पण सुया असलेली बिलं बघा आधी.

काउंटरमागे
@बाराखडी बघितली. सगळ्या दुकानाचं सरासरी बिल १०० धरलं तर सुयादोरा असलेल्या बिलांचं २६० निघतंय. म्हणजे ठेवायलाच हवं ना हे? बाळाच्या साबणाचं तर ३४०. पण मग परफ्यूमचं पण २५० आहे, आणि क्लिपांचं २४०. अशाने तर सगळंच वाचतंय.

जमाखर्च
बिलं बघायची हे बाराखडींनी योग्यच सुचवलं, पण तुलना सरासरी बिलाशी करायची नाही. मोठ्या बिलात वस्तू जास्त असतात, त्यामुळे कुठलीही एक वस्तू उचलली तरी ती मोठ्याच बिलात सापडायची शक्यता जास्त. एकच वस्तू घेणाऱ्याच्या बिलात एकाच आयटमची नोंद, वीस घेणाऱ्याच्या बिलात वीस आयटमांची. म्हणून जवळजवळ प्रत्येक आयटमचं "बिल" दुकानाच्या सरासरीपेक्षा मोठं निघतं, सुयांमध्ये काही खास असो वा नसो. बाराखडींना सगळाच माल महत्त्वाचा दिसला तो यामुळेच.

तुलना करायची ती तशाच संथ मालाशी. ९५ चं सगळ्यांचं असं बिल काढा आणि त्याची सरासरी घ्या. ती २५० च्या आसपास आली तर सुया २६०, परफ्यूम २५०, क्लिपा २४० हे सगळे सारखेच, बिलाच्या जोरावर त्यातलं काही वाचत नाही. ३४० वाला साबण मात्र वेगळा दिसतो.

काउंटरमागे
९५ ची सरासरी २५५ आली.

बाराखडी
हं, हे पटतंय. पण मग सुया काढायच्या? मला अजूनही ते चुकीचं वाटतं. सुई मागायला आलेल्याला नाही म्हटलं तर तो पुढच्या दुकानात जाणार आणि बाकीचं पण तिथेच घेणार.

जमाखर्च
सुया काढा असं मी म्हणत नाहीये, बिलाचा आकडा त्यांच्या बाजूने काही सांगत नाही एवढंच. सुयांसाठी प्रश्न वेगळा विचारायचा, ही वस्तू मिळाली नाही तर त्याच कामाची दुसरी वस्तू माझ्याच दुकानात आहे का? टूथब्रशचा एक प्रकार नसला तर गिऱ्हाईक शेजारचा उचलतं, विक्री दुकानातच राहते. सुई नसली तर सुईच्या बदल्यात काय देणार? त्या गरजेसाठी दुकानात तेवढी एकच वस्तू आहे. त्यात पुन्हा सुयांमध्ये अडकतं किती, जागा जाते किती? एका हुकाला टांगलेलं एक कार्ड. तळाला असली तरी तिला काढून काहीच मोकळं होत नाही. दोऱ्याचे मात्र रंग किती ठेवता ते बघा, पांढरा, काळा आणि दोन-चार सोडून बाकीची रिळं वर्षानुवर्षं हलत नसतील.

म्हणजे एकाच कामाच्या अनेक वस्तूंच्या गर्दीतला तळाचा आयटम बिनधास्त काढता येतो. एकटा उभा असलेला तळाचा आयटम काढताना थांबायचं.

ओसरी
मी दुकानदार नाही, गिऱ्हाईक आहे, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. घरात तान्हं बाळ असताना त्याला सोसणारा एकच साबण होता आणि तो जिथे मिळायचा तिथेच आम्ही महिन्याचं सगळं भरायचो, लांब पडायचं तरी. एक दिवस त्यांनी तो ठेवणं बंद केलं. भांडण नाही, तक्रार नाही, आम्ही फक्त जायचे थांबलो. त्या दुकानदाराला कारण कळलं पण नसेल. तेव्हा तो साबण काढण्याआधी कोण घेतं ते जरूर बघा.

काउंटरमागे
@ओसरी बघितलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या बिलावर नाव असतं माझ्याकडे. सहा महिन्यांत २२ वड्या गेल्या, त्यातल्या १७ तीनच घरांत. तिन्ही महिन्याचं सामान भरणारी घरं.

तागडी
पण तीन घरांसाठी ठेवायचा म्हणजे बाळ मोठं झालं की माल अंगावर. उद्या ती घरं घेईनाशी झाली तर?

जमाखर्च
तो धोका आहेच. म्हणून खोक्याने नाही, महिन्याला चार वड्या. आणि त्या तीन घरांना विचारायला काय हरकत आहे, "तुमच्यासाठी आणतो, अजून किती महिने लागेल?" शेल्फवर ठेवायचा माल आणि सांगून मागवायचा माल असे दोन भाग करता येतात. तरी तीन घरं साबणामुळेच येतात की इतर कशामुळे, हे बिलावरून ठामपणे कोणालाच सांगता येणार नाही. आपल्याला दिसतात ती आलेली माणसं, न आलेली दिसत नाहीत.

काउंटरमागे
टूथब्रशचं सांगतो. माझ्याकडे चौदा प्रकार. महिन्याला सगळे मिळून २१० जातात, त्यातले तळाचे सहा प्रकार मिळून फक्त १८. एकाच कामाच्या वस्तूंची गर्दी म्हणतात ती हीच. हे सहा बंद करायला काही अडचण दिसत नाही.

जमाखर्च
अडचण नाही, पण त्या सहांत एखादा कोणाच्या जागी दुसरा चालणार नाही असा आहे का ते बघा, लहान मुलांचा किंवा हिरड्यांसाठीचा अगदी मऊ. तो बाजूला ठेवून बाकीचे काढा.

काउंटरमागे
लहान मुलांचा एक आहे, तो ठेवतो. पाच काढतो.

सदाफुली
काढल्यावर हुक रिकामे ठेवू नका, चालणाऱ्या ब्रशना दोन-दोन हुक द्या. माझ्याकडे पेनांच्या बाबतीत हे केलं तर तेच पेन जास्त दिसायला लागले.

तागडी
आणि महिन्याभराने चौदाच्या जागी नऊ प्रकार असताना किती गेले ते इथे टाका, किती गिऱ्हाईक दुसऱ्या ब्रशकडे वळलं ते लगेच कळेल.

जमाखर्च
एका महिन्यावरून नाही कळणार. समजा पुढच्या महिन्यात २०४ गेले. कोणी म्हणेल काढलेल्या प्रकारांचे पंधरा जात होते, सहाच कमी झाले, म्हणजे नऊ वळले. पण काहीही न काढता सुद्धा दोनशेच्या विक्रीत महिन्याला दहा-पंधराचा फरक नुसत्या योगायोगाने पडतो. सहाचा फरक त्यात कुठेच बुडून जातो. तीन-चार महिने बघा, आणि बघायची ती अख्ख्या टूथब्रश विभागाची विक्री. एकूण साफ खाली जात नसेल तर काढणं बरोबर होतं, यापेक्षा बारीक उत्तर एका दुकानाच्या आकड्यांतून निघत नाही. त्याहून लवकर कळायचं असेल तर गल्ल्यापाशी वही ठेवा आणि नसलेली वस्तू कोणी मागितली की लिहून ठेवा, वस्तू आणि तारीख. मी तरी त्या वहीवर रिपोर्टपेक्षा जास्त विश्वास ठेवते.

काउंटरमागे
वही आजपासून. आता शेवटचा, परफ्यूम आणि क्लिपांचा कप्पा. सगळा मिळून खरेदीच्या भावाने ३००० चा माल आहे आणि महिन्याला खरेदीच्या भावाने फक्त १०० चा जातो. मार्जिन विक्रीवर ४० टक्के म्हणून मी इतके दिवस हात लावला नव्हता. सप्लायर परत घेत नाही. अर्ध्या किमतीला काढून टाकू का? खरेदीपेक्षा कमीत विकायला जीव होत नाही.

तागडी
खरेदीखाली कधीच विकू नये. मागवणं बंद करा, हळूहळू जाईल. नुकसान कशाला करून घेता.

जमाखर्च
इथे मी तागडींशी सहमत नाही. हळूहळू म्हणजे किती? ३००० भागिले १००, तीस महिने. आणि तेवढ्यात चांगला असलेला माल आधी जाणार, शेवटचा कधीच जाणार नाही. खरेदीची किंमत तुम्ही देऊन मोकळे झालात, ती आता या निर्णयात मोजायचीच नाही. मोजायचं ते पुढचं.

ठेवला तर महिन्याला १०० चा माल साधारण १६७ ला जाणार, नफा ६७. काढला, म्हणजे खरेदीपेक्षा पंचवीस टक्के कमीत उचलून दिला, तर हातात २२५० येतात आणि ७५० बुडाले. ते २२५० दुकानाच्या सरासरीने, १.६ ने फिरले तर वर्षाला ३६००, महिन्याला ३००. सदुसष्ट विरुद्ध तीनशे. बुडालेले ७५० तीन-चार महिन्यांत भरून निघतात.

पण यात एक मोठा "जर" आहे आणि तो बहुतेक जण विसरतात. ते पैसे खरंच १.६ ने फिरणार का? जो माल आधीच शेल्फवर पुरेसा आहे तो दुप्पट भरला तर विक्री दुप्पट होत नाही, फेरेच निम्मे होतात. सुटलेला पैसा उपयोगी पडतो तो फक्त पैशाअभावी संपलेला माल भरण्यात. ते अकरा #DIV/0! वाले चालू आयटम आठवा, पेन्सिल सेल आणि बाकीचे. ते वर्षभर शेल्फवर ठेवायला किती लागतील?

काउंटरमागे
आत्ता हिशेब केला, अकराही आयटमांचा महिन्याभराचा माल धरला तर १९०० च्या आसपास.

जमाखर्च
मग तुमच्या बाबतीत हिशेब जुळतो, २२५० तले १९०० सरळ तिकडे. ते १९०० नसते तर मी काढण्याची एवढी घाई करा म्हटलं नसतं. कमी करताना एकदम पंचवीस टक्के तोट्यात नका जाऊ, आधी मार्जिन सोडून खरेदीच्या भावाने लावा, दोन-तीन आठवड्यांत जे जाईल ते जाऊ दे, उरलेलं त्याच्या खाली.

तागडी
गणित समजलं, तरी मी खरेदीखाली जाणार नाही. एकदा स्वस्तात दिलं की गिऱ्हाईक पुढच्या वेळी पण त्याच भावाची वाट बघतं.

जमाखर्च
पुन्हा मागवणार असाल तर तुमची भीती रास्त आहे. हा कप्पा बंदच होतोय. क्लिपांपैकी काही पुढे ठेवायच्या असतील तर मात्र त्या स्वस्तात लावू नका, बाजूला काढा.

सदाफुली
क्लिपा माझ्याकडे खूप चालतात खरं तर. फॅन्सी नाही, साध्या काळ्या. तुमच्या कप्प्यात साध्या आहेत का?

काउंटरमागे
साध्या काळ्या त्या कप्प्यात नाहीत, गल्ल्यापाशी टांगलेल्या आहेत आणि यादीत बऱ्याच वर आहेत. फॅन्सी सगळ्या जाणार.

तर सध्या असं ठरवलंय. पाच ब्रश आणि दोऱ्याचे अकरा रंग मागवणं बंद. परफ्यूम-क्लिपा उद्यापासून खरेदीच्या भावाला. पॉलिशसाठी सुटं देणारा होलसेलवाला शोधतोय, एकाने सहाच्या खाली देत नाही सांगितलं, सहाने किती पडतं ते काढायला हवं. बाळाच्या साबणाबद्दल तिन्ही घरांना विचारतो. उरलेल्या आयटमांना "मागवलेला माल किती महिने पुरतो" हा रकाना भरायला घेतलाय, निम्मे झालेत, आणि त्यातले बरेच स्कीममध्ये दुप्पट घेतलेलेच निघतायत.

जमाखर्च
सहाने घेतलंत तर सरासरी तीन-साडेतीन डब्या राहतील. ७६ च्याच भावाने अडकले साधारण २६५, नफा तोच २८८, म्हणजे १.१ च्या आतबाहेर. दुकानाच्या सरासरीखाली, पण ०.४३ पेक्षा खूप बरं. सहा घेताय म्हणून भाव ७३-७४ पर्यंत खाली येतोय का ते विचारून बघा. मी असते तर ठेवलं असतं, दुसरं तपकिरी पॉलिश दुकानात नाही म्हणून. काळं पण त्याच्याकडूनच सुटं मिळतंय का?

काउंटरमागे
काळं डझनानेच बरं पडतं, ते पटापट जातं. भाव विचारून सांगतो.

बाराखडी
माझ्या यादीवर पुन्हा बसतोय, बिलांची तुलना संथ मालाशीच करून. एक शंका आहे, बादल्या, मॉप, डायपरची मोठी पाकिटं, टिश्यूचे गठ्ठे यांचं काय करता? पैशावरचा नफा बरा दिसतो पण जागा एवढी खातात की तेवढ्यात चाळीस साबण मावतील. तिथे पैशाने भागायचं की शेल्फच्या फुटाने?